विश्लेषण : विमानात जागा निवडण्यासाठी जादा पैसे मोजावेत का? खिडकी, कडेची जागा की आपत्कालीन दाराची रांग?

बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा हवी असेल तर गाडी फलाटावर थांबायच्या आत उडी मारावी लागते. त्यातही कोणती खिडकी वाऱ्याच्या बाजूची, हे नेहमीच्या प्रवाशाला पाठ असते. ती जागा मिळवायला चपळाई लागते, पैसे नाहीत. विमानाचे तिकीट काढताना मात्र नाव, वय, मोबाइल क्रमांक भरून झाला की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोनांचा नकाशा उघडतो आणि प्रत्येक चौकोनावर एक किंमत दिसते. चौघांचे कुटुंब असेल तर जाता-येता या एका पानावर दोन-तीन हजार रुपये सहज वाढतात. हे पैसे द्यायलाच हवेत का आणि द्यायचे ठरले तर कोणत्या जागेसाठी, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

जागेसाठी पैसे देणे सक्तीचे आहे का?

नाही. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने म्हणजेच डीजीसीएने विमान कंपन्यांना काही सेवा मूळ भाड्यातून वेगळ्या काढून त्यांचे शुल्क घेण्याची मुभा दिली आहे. पसंतीची जागा, खाद्यपदार्थ, लाउंजचा वापर, खेळाचे साहित्य वा वाद्य नेणे या त्यातल्या काही. मात्र ही शुल्के प्रवाशाने स्वतःहून निवडली तरच लागू होतात. आधीच खूण करून ठेवायची आणि नको असेल तर प्रवाशाने ती काढायची, असे करता येत नाही. ज्याने जागा निवडलेली नाही, त्याला यंत्रणेने आपोआप जागा देण्याची तरतूदही आहे. थोडक्यात, तिकीट काढले म्हणजे बसायला जागा मिळणारच. कोणती मिळेल, एवढाच प्रश्न उरतो.

गोंधळ होतो तो पडद्यावर. जागा न निवडता पुढे जाण्याचे बटण लहान अक्षरांत, कोपऱ्यात असते आणि ते दाबले की ‘तुम्हाला मधली जागा मिळू शकते’ अशा अर्थाचा इशारा झळकतो. अनेक जण तिथेच बिचकतात आणि पैसे भरतात. ग्राहकांची अशी दिशाभूल रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार नोंदवले असून, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे हा त्यातलाच एक. त्यामुळे पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरचा हिशेब एकदा ओळीने वाचावा. तिकीट त्रयस्थ ॲपवरून काढत असाल तर नक्कीच.

पैसे दिले नाहीत तर मधली जागाच मिळते का?

तशी शक्यता जास्त असते आणि त्यामागे साधे गणित आहे. मुंबईहून देशांतर्गत उडणारी बहुतेक विमाने एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ या कुटुंबातली असतात. त्यांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात. ए आणि एफ म्हणजे खिडकी, सी आणि डी म्हणजे वाटेच्या कडेची जागा, बी आणि ई म्हणजे मधली.

समजा, विमानात १८० आसने आहेत. त्यांतली ६० मधली. सगळ्यांनाच चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या असत्या तर मधली मिळण्याची शक्यता तिनात एक झाली असती. पण पैसे भरणारा माणूस मधली जागा सहसा घेत नाही. समजा, ९० जणांनी पैसे भरले आणि सर्वांनी खिडक्या वा कडेच्या जागा घेतल्या. आता उरलेल्या ९० आसनांत ६० मधली आणि ३० चांगली. म्हणजे फुकट जागा घेणाऱ्यासाठी शक्यता तिनात दोन झाली. कंपनीने मुद्दाम काही केले नाही तरी हे असेच होणार. विमान जितके भरलेले आणि पैसे देणारे जितके जास्त, तितकी मधली जागा अटळ. उलट मंगळवारी दुपारी अर्ध्या रिकाम्या विमानात न मागताही खिडकी मिळून जाते.

जिथे मधली जागाच नसते तिथे तर तिच्या भीतीने पैसे भरण्यात काहीच अर्थ नाही. छोट्या शहरांच्या मार्गांवर उडणाऱ्या एटीआर किंवा एम्ब्राएर विमानांत वाटेच्या कोणत्याही बाजूला जास्तीत जास्त दोनच आसने असतात. जागा एक तर खिडकीची, नाही तर कडेची. एटीआरमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते. तेव्हा ‘पुढची रांग, लवकर बाहेर’ म्हणून तिथे जादा पैसे मोजणारा माणूस सर्वांत शेवटी उतरतो.

कुटुंब एकत्र बसावे म्हणून किती पैसे लागतात?

इथेच सर्वाधिक पैसे विनाकारण जातात, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. मुलुंडचे एक कुटुंब दिवाळीत नागपूरला निघाले आहे. आई, वडील, सात वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रस्त आजी. प्रवास साधारण दीड तासाचा. समजा, नकाशावर खिडकी आणि कडेची जागा प्रत्येकी ३५० रुपये आणि मधली २०० रुपये दाखवते आहे. (दर मार्ग, दिवस आणि रांगेनुसार बदलतात. हे आकडे केवळ हिशेबासाठी.)

पहिला विचार असा येतो की चौघांसाठी एका रांगेत तीन आणि वाटेपलीकडे एक जागा घ्यावी. म्हणजे तीन ३५०च्या आणि एक २००ची. एका बाजूचे १,२५० रुपये, जाऊन-येऊन २,५००.

आता नियम काय सांगतो ते पाहू. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना आदेश दिला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी वा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. म्हणजे मुलगी आणि आई शेजारी बसाव्यात यासाठी पैसे भरायची गरज नाही. या आदेशातले दोन शब्द मात्र नीट लक्षात ठेवायला हवेत. ‘त्याच पीएनआरवर’ हे पहिले. वडिलांनी कार्यालयाच्या खात्यातून स्वतःचे तिकीट वेगळे काढले आणि आईने मुलीचे व स्वतःचे वेगळे, तर वडिलांचा त्या हमीशी संबंध उरत नाही. आणि ‘किमान एक’ हे दुसरे. चौघे एकत्र बसतील असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

आजीचे काय? मधल्या जागेतून दोन माणसांना उठवून बाहेर येणे तिला कठीण आहे. तिच्यासाठी कडेची जागा घ्यावी. ३५० रुपये. वडील दीड तास कुठेही बसू शकतात. एकूण जाता-येता ७०० रुपये. आधीच्या २,५०० पैकी १,८०० रुपये वाचले. मुलुंड ते विमानतळ टॅक्सीचे भाडे त्यातून निघावे. आजीला एकटे बसायला धास्ती वाटत असेल तर तिच्या शेजारची मधली जागा वडिलांसाठी २०० रुपयांत घ्यावी. तरीही एकूण खर्च १,१०० रुपयांच्या वर जात नाही.

दोन प्रौढ माणसे दीड तास वेगवेगळी बसण्यात मला तरी काही गैर दिसत नाही. लोकलमध्ये नवरा-बायको डबेसुद्धा वेगळे धरतात आणि अंधेरीला उतरून भेटतात.

वेब चेक-इन करताना जागा फुकट मिळते ना?

मिळते, पण निवड कमी असते. बहुतेक कंपन्यांचे वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी सुरू होते आणि देशांतर्गत उड्डाणासाठी साधारण तासभर आधी बंद होते. त्या नकाशावर शून्य किंमत दाखवणारी आसने शोधावी लागतात. ती बहुधा मागच्या रांगांतली आणि मधली असतात. शुल्क असलेल्या जागेवर चुकून बोट पडले तर पुढच्या पानावर पैसे मागितले जातात. ते भरायचे नसतील तर मागे जाऊन जागा बदलता येते.

एकत्र प्रवास करणाऱ्या दोघांनी चेक-इन सुरू झाल्याबरोबर करून टाकावे. तेव्हा शेजारशेजारच्या फुकट जागा शिल्लक असण्याची शक्यता अधिक. एकटा प्रवासी असाल तर थोडा जुगार खेळता येतो. उड्डाणाची वेळ जवळ आली की न विकल्या गेलेल्या चांगल्या जागाही कोणाला तरी द्याव्याच लागतात. विमानतळावरच्या काउंटरवर नम्रपणे विचारले, अडचण सांगितली, तर कर्मचारी अनेकदा कडेची जागा देतात. मात्र हा त्यांचा हक्काधिकार आहे, आपला नाही. सुट्टीच्या हंगामात यावर विसंबू नये.

पुढच्या रांगेसाठी जास्त पैसे का आणि ते वसूल होतात का?

पुढच्या रांगा लवकर उतरण्यासाठी विकल्या जातात. पूर्ण भरलेले ए३२० एकाच दारातून रिकामे व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पण ही दहा मिनिटे खरोखर आपल्या पदरात पडतात का, हे तीन गोष्टींवर ठरते.

चेक-इन केलेली बॅग असेल तर नाही. तुम्ही पट्ट्यापाशी पोहोचता, उभे राहता आणि शेवटच्या रांगेतला माणूसही तोवर येऊन तुमच्या शेजारी उभा राहतो. विमान एरोब्रिजला न लागता दूर उभे राहिले आणि बसने टर्मिनलला जायचे असेल तरीही नाही. कारण पहिला चढलेला प्रवासी बस भरेपर्यंत दांडी धरून उभाच असतो. शिवाय अशा वेळी मागचे दारही उघडतात, म्हणजे शेवटच्या रांगा मधल्या रांगांच्या आधी मोकळ्या होतात. तिसरी गोष्ट म्हणजे घाईचे कारण खरे हवे. रात्री उशिरा उतरून विलेपार्ले किंवा अंधेरीहून बोरिवलीची शेवटची लोकल गाठायची आहे आणि खांद्यावर फक्त एक सॅक आहे, तर दहा मिनिटांची किंमत टॅक्सीच्या भाड्याइतकी होते. एरवी नाही.

खिडकी आणि कडेची जागा यांत निवड कशी करावी?

प्रवास किती तासांचा, हा पहिला प्रश्न. मुंबई–गोवा उड्डाणात पट्टा सोडून उठण्याची मुभा जेमतेम अर्धा-पाऊण तास असते. तेवढ्यासाठी कडेच्या जागेचे मोल फारसे नाही. त्यामुळे छोट्या प्रवासात गुडघ्याचा वा लघवीचा त्रास नसेल तर खिडकी बरी. वाटेवरून जाणाऱ्या गाडीचा, पिशव्यांचा धक्का लागत नाही आणि शेजारी उठला म्हणून आपल्याला उठावे लागत नाही.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचा हिशेब वेगळा. तिथे पंधरा-सोळा तास बसायचे असते. चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील संशोधन प्रकल्पाचा निष्कर्ष होता. निरोगी माणसासाठी मूळ धोका फार कमी असल्याने दुप्पट होऊनही तो कमीच राहतो. पण आधी गुठळी झालेली असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असतील तर कडेची जागा घेऊन अधूनमधून चालावे, असे छातीविकार तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खिडकीत बसलेला माणूस शेजाऱ्यांना उठवायच्या संकोचाने तासन्‌तास हलत नाही, पाणीही कमी पितो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हा संकोच जरा जास्तच. तेव्हा लांबच्या प्रवासात त्यांच्यासाठी कडेच्या जागेचे पैसे बिनदिक्कत भरावेत. विमान कंपनीच्या नकाशावर मी पैसे खर्चायला सांगेन अशी ही पहिली जागा.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतील संशोधकांनी लांबच्या देशांतर्गत उड्डाणांत प्रवाशांच्या हालचाली मोजल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खिडकीतल्या प्रवाशाचा इतरांशी जवळून संबंध सरासरी १२ वेळा आला, तर कडेच्या प्रवाशाचा ६४ वेळा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने सर्दी-तापाच्या दिवसांत प्रवास करताना खिडकी धरावी, ती या कारणासाठी.

खिडकी घेताना फसगत होते ती दोन ठिकाणी. सुमारे दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत खाली पंखच दिसतो. देखावा हवा असेल तर त्याच्या पुढे किंवा बऱ्याच मागे बसावे. मात्र हेलकावे सर्वांत कमी जाणवतात ते पंखावरच, शेपटाकडे जास्त. ज्यांना विमान हलले की पोटात गोळा येतो त्यांनी देखावा सोडून पंख घ्यावा. दुसरी फसगत बोइंग ७३७ मध्ये. डाव्या बाजूला दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास एके ठिकाणी खिडकीच नसते, कारण तिथे भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते. नकाशावर मात्र ती ‘खिडकीची जागा’ म्हणूनच विकली जाते.

आपत्कालीन दाराची रांग कोणी घ्यावी?

उंच, धडधाकट आणि दोन-तीन तासांहून लांब जाणाऱ्या माणसाने. साध्या रांगेत पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण २८ ते ३० इंच असते. सहा फुटी माणसाचे गुडघे त्यात पुढच्या पाठीला टेकतात. आपत्कालीन दारासमोर वाट मोकळी ठेवावी लागत असल्याने तिथे काही इंच जास्त मिळतात. म्हणूनच या जागा नकाशावर सर्वांत महाग असतात.

पण ती मोकळी जागा प्रवाशाच्या पायांसाठी सोडलेली नाही. नव्या विमानाला मान्यता देताना निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. त्या हिशेबात या रांगेत बसलेला माणूस धरलेला असतो. ए३२० च्या पंखावरचे झाकण सुमारे १५ किलोचे असते आणि ते उचलून बाहेर टाकावे लागते. ७३७ च्या नव्या प्रकारांत ते बिजागरीवर वर उघडते. म्हणून लहान मुले, गर्भवती, तान्हे बाळ घेऊन आलेले, मदतीशिवाय चालू न शकणारे किंवा जादा लांबीचा पट्टा लागणारे प्रवासी या रांगेत बसू शकत नाहीत. कर्मचारी सूचना सांगतात आणि ‘मदत करायला तयार आहात ना’ असे विचारतात. उत्तर नाही असेल तर जागा बदलली जाते. गुडघ्याला आराम म्हणून आजीसाठी ही रांग घेतली तर दारातच अडचण होते. ही चूक नेहमीची आहे.

पंखावर लागोपाठ दोन आपत्कालीन रांगा असतील तर त्यांतली पुढची सहसा मागे कलत नाही, कारण ती कलली तर मागच्या दाराची वाट अडते. दोन्हींचे पैसे जवळपास तेवढेच, म्हणून मागची घ्यावी. त्यांच्या लगेच पुढची साधी रांगही बहुधा कलत नाही आणि तिला पायांसाठी जादा जागाही नसते. उड्डाण आणि उतरताना हातातली पिशवी पायाशी ठेवता येत नाही, ती वरच्या कप्प्यातच जाते. दम्याचा पंप वा औषधे लागणाऱ्यांनी ती खिशात ठेवावीत.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी वाचलेला एकमेव प्रवासी ११ए या, आपत्कालीन दाराजवळच्या जागेवर होता. त्यानंतर ‘११ए द्या’ अशी मागणी वाढल्याच्या बातम्या आल्या. पण ते बोइंग ७८७ होते. मुंबई–नागपूरच्या ए३२० मध्ये ११ए ही बहुधा दाराजवळचीच नसते आणि ७३७ मध्ये ती कदाचित बिनखिडकीची निघेल. एका अपघातातला आसन क्रमांक दुसऱ्या विमानाला लागू पडत नाही. त्यासाठी जादा पैसे देणे व्यर्थ आहे.

दाराची मूठ हातापाशी असणे जोखमीचेही असते. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एशियाना कंपनीचे ए३२१ उतरत असताना, जमिनीपासून सुमारे २१३ मीटरवर, एका प्रवाशाने दार उघडले. विमान सुखरूप उतरले, पण कंपनीने त्या दाराजवळच्या काही जागांची विक्री थांबवली. उंचावर आतल्या हवेच्या दाबामुळे दार उघडणे शक्य नसते. जमिनीजवळ ते शक्य असते.

निवडलेली जागा बदलली तर पैसे परत मिळतात का?

ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला की नकाशाही बदलतो आणि पैसे भरलेली खिडकी मधल्या जागेत रूपांतरित होऊ शकते. कंपनीच्या कारणाने जागा बदलली तर शुल्काचा परतावा मागावा. प्रवाशाने स्वतः बेत बदलला तर बहुतेक कंपन्या तो देत नाहीत. जागेच्या शुल्काची पावती आणि नकाशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवला तर दावा करणे सोपे जाते. जुना व नवा बोर्डिंग पास दोन्ही ठेवावेत. नवा दिला की जुना काउंटरवरच फाडला जातो, तेव्हा आधी फोटो काढून घ्यावा.

आणि मुंबईत उतरताना कोणती बाजू?

मुंबईत वर्षातला बहुतेक काळ विमाने पूर्वेकडून, नवी मुंबई, ठाण्याची खाडी आणि घाटकोपरवरून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्या वेळी उजवीकडे एफ जागेतून विक्रोळी, पवई तलाव आणि पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. डावीकडे ए जागेतून चेंबूर, तुर्भ्याची बाजू. उडताना विमान जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरते. उजवीकडे जुहू–वर्सोव्याची वाळू आणि डावीकडे, हवा स्वच्छ असेल तर, वांद्रे–वरळी सागरी सेतू. सकाळी दिल्लीला जाताना ऊन उजवीकडून येते, तेव्हा डोळे मिटायचे असतील तर ए. गोव्याला जाताना समुद्र उजवीकडे आणि सकाळचे ऊन डावीकडे, म्हणून एफ. मुख्य धावपट्टी देखभालीसाठी बंद असली की दुसरी वापरतात आणि हा सगळा हिशेब फिरतो.